धाकट्याचे १,७०४ आणि थोरल्याचे ३,७५२

हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावातले हे दोघे सख्खे भाऊ. धाकटा पंचवीस वर्षांचा, तालुक्याच्या ठिकाणी कृषी केंद्रात कामाला, महिन्याला १४,००० रुपये. थोरला पस्तिशीचा. तो घरची पाच एकर कोरडवाहू शेती करतो, आणि हंगामात जिनिंगमध्येही जातो. दोघांनाही मी हायस्कुलात गणित शिकवलं आहे, म्हणून पैशाचं काही अडलं की ते अजूनही माझ्याकडे येतात. ओळख पटू नये म्हणून नावं घेत नाही, त्यांच्या मिळकतीचे आणि कर्जाचे आकडेही थोडे गोल केले आहेत. म्हातारपणासाठीच्या बचतीला दहा वर्षं उशीर झाला तर तो केवढ्याला पडतो, हा हिशेब मात्र जसा वहीत मांडला तसाच देतो.

सुरुवात बँकेतल्या एका तक्त्यावरून झाली. धाकटा खात्याच्या कामासाठी गेला होता, तिथे भिंतीवर अटल पेन्शन योजनेचा तक्ता लावलेला. त्याने मोबाइलवर फोटो काढला आणि संध्याकाळी छपरीत माझ्यासमोर धरला. "सर, मले पडतात तीनशे शहात्तर, अन् दादाले नऊशे दोन. पेन्शन दोघाले सारखीच, पाच हजार. हे असं काऊन?"

तक्ता बरोबरच होता. ही योजना २०१५ पासून सुरू आहे. प्राप्तिकर न भरणाऱ्या आणि वयाची १८ ते ४० वर्षं असलेल्या माणसाला तिच्यात खातं उघडता येतं. साठीनंतर महिना ५,००० रुपये पेन्शन हवी असेल तर पंचविसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला महिना ३७६ रुपये भरावे लागतात, पस्तिसाव्या वर्षी सुरू करणाऱ्याला ९०२. पेन्शन आधी खातेदाराला, त्याच्यामागे नवरा किंवा बायकोला, आणि दोघांच्या पश्चात वारसाला सुमारे साडेआठ लाख रुपये. म्हणजे साठाव्या वर्षी दोघांच्याही नावावर सारखीच पुंजी उभी राहायला हवी. धाकटा तिच्यासाठी ३५ वर्षांत एकूण १,५७,९२० रुपये भरेल. थोरला २५ वर्षांत २,७०,६०० रुपये भरेल. थोरल्याला दहा वर्षं कमी भरायचं आहे, तरी त्याच्या खिशातून एक लाख तेरा हजारांच्या जवळपास जास्त जातात.

थोरल्याला वाटलं हा सरकारने उशिरा येणाऱ्यावर लावलेला दंड आहे. तसं नाही. त्या तक्त्यातल्या आकड्यांच्या मागे साधारण आठ टक्के व्याजाचं गणित आहे. त्या दराने ३७६ रुपये ३५ वर्षं आणि ९०२ रुपये २५ वर्षं भरून पाहिलं तर दोन्हीकडे साडेआठ लाखांच्या आसपासच पोचतं. दंड कुणी लावलेला नाही, व्याजाला मिळालेली वर्षं कमी आहेत एवढंच.

पण महिना पाच हजारात त्या वेळी भागणार नाही हे दोघांनाही कळत होतं. महागाई वर्षाला पाच टक्के धरली तर धाकटा साठीला पोचेल तेव्हाचे ५,००० म्हणजे आजचे ९०० रुपये. किराण्याचं एक वेळचं सामान. म्हणून आम्ही दुसरा, जरा मोठा आकडा घेतला: साठाव्या वर्षी हातात ३० लाख. हाही काही फार मोठा आकडा नाही. पाच टक्के महागाईत पस्तीस वर्षांनंतरचे ३० लाख म्हणजे आजचे साडेपाच लाखांच्या आत. पण घर स्वतःचं आहे, ज्वारी-तुरी घरच्या आहेत, आणि आकडा पटण्याजोगा असला तरच माणूस पहिला हप्ता भरतो, म्हणून तिथेच थांबलो.

खातं पीपीएफचं, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचं, धरलं. दोन्ही भावांना पोस्टावर विश्वास आहे, बाजाराच्या चढउताराची भीती आहे. २०२० च्या एप्रिलपासून या खात्यावर ७.१ टक्के व्याज मिळत आलं आहे. सरकार दर तिमाहीला दर ठरवतं, त्यामुळे तो पस्तीस वर्षं तसाच राहील असं समजू नये. पण तुलना करायला एक दर धरावाच लागतो, आणि उगाच बारा-पंधरा टक्के धरून कुणाला भुलवण्यापेक्षा हा बरा. महिन्याच्या पाच तारखेच्या आत पैसे भरले तर त्या महिन्याचं व्याज मिळतं, आणि साठलेलं व्याज वर्षाच्या शेवटी, ३१ मार्चला, एकदाच मुद्दलात जमा होतं. मोबाइलवरची बरीच गणकयंत्रं व्याज दर महिन्याला मुद्दलात मिळवतात. त्यामुळे त्यांच्यावर धाकट्याचा हप्ता १,६१७ रुपये दिसतो. खऱ्या खात्यात तेवढ्याने ३० लाख होत नाहीत.

खात्याच्या नियमाने मांडल्यावर असं निघालं. पंचविसाव्या वर्षापासून भरलं तर महिना १,७०४ रुपये. पस्तिसाव्यापासून भरलं तर महिना ३,७५२ रुपये. दोन्हींचा शेवट ३० लाखांवर. पहिल्याचे एकूण भरणे ७,१५,६८० आणि दुसऱ्याचे ११,२५,६००. आणखी दहा वर्षं लोटली, म्हणजे पंचेचाळिसाव्या वर्षी जाग आली, तर महिना ९,५०७.

१,७०४ आणि ३,७५२ यांच्यात २.२ पट फरक आहे. ही पट कुठून येते ते मी धाकट्याला दोन भागांत दाखवलं. व्याज शून्य असतं, पैसे घरातल्या डब्यात टाकले असते, तरी ४२० महिन्यांच्या जागी ३०० महिने मिळाले म्हणून हप्ता १.४ पट झालाच असता. तिथून २.२ पर्यंतचा उरलेला भाग व्याजाचा. म्हणून दर बदलला की पट बदलते: सहा टक्क्यांना ती दुपटीच्या आसपास असते, दहा टक्क्यांना पावणेतीन पटीच्या आसपास जाते. ३० लाखांच्या जागी ५० लाख धरले तर दोघांचेही हप्ते वाढतात, पट मात्र तीच राहते. अटल पेन्शनच्या तक्त्यात ती २.४ आहे, कारण तिथे दर जास्त धरला आहे.

इथवर थोरला शांत होता. मग तो म्हणाला, "पण सर, पयल्या दहा वर्षांत त्याचं जमा होऊन होऊन किती होईल? दोन-तीन लाख. तेवढ्यासाठी माया हप्ता दुप्पट?"

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता, आणि माझ्या अनुभवात बहुतेकांची फसगत इथेच होते. धाकट्याने पहिली दहा वर्षं १,७०४ भरले तर त्याने घातलेले होतात २,०४,४८० आणि खात्यात दिसतात २,९४,७७३. तीन लाखही नाहीत. पस्तिसाव्या वर्षी ज्याच्याकडे ते नाहीत त्याला वाटतं, आपलं नुकसान ते काय, तीन लाखांचं. एखाद्या चांगल्या हंगामात भरून काढू.

आता त्या २,९४,७७३ मध्ये पुढे एकही रुपया न घालता ते तसेच सोडून द्या. ७.१ टक्क्यांनी रक्कम दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट होते. पंचेचाळिसाव्या वर्षी ते होतात ५ लाख ८५ हजार, पंचावन्नाव्या वर्षी ११ लाख ६२ हजार, आणि साठाव्या वर्षी १६ लाख ३८ हजार. म्हणजे ३० लाखांतले निम्म्याहून जास्त पैसे पहिल्या दहा वर्षांच्या हप्त्यांतून आलेले असतात. उरलेल्या पंचवीस वर्षांत भरलेले १,७०४ चे हप्ते मिळून १३ लाख ६२ हजार देतात. या पंचवीस वर्षांत ५,११,२०० घातले, आधीच्या दहात २,०४,४८०, तरी थोडक्या पैशांनी जास्त दिलं.

वहीत हेच मी उलट्या बाजूनेही मांडून दाखवलं, कारण थोरल्याला ते लवकर पटलं. उशिरा सुरुवात करणारा सुरुवातीची दहा वर्षं गमावतो असं आपण म्हणतो. खात्याकडे पाहिलं तर तो शेवटची दहा वर्षं गमावतो. १,७०४ चाच हप्ता पस्तिसाव्या वर्षी सुरू केला तर साठीला जे १३ लाख ६२ हजार होतात, तेवढे धाकट्याकडे पन्नाशीलाच असतात. पन्नास ते साठ या दहा वर्षांत धाकट्याचं खातं १३ लाख ६२ हजारांवरून ३० लाखांवर जातं. त्यात त्याने भरलेले दोन लाख, बाकी सगळं व्याज. उशिरा आलेल्याच्या वाट्याला तेच दशक येत नाही. पऱ्हाटीला बोंडं शेवटी लागतात. पेरणी लांबली तर पहिलं पान गेल्याचं दिसत नाही, शेवटचा वेचा गेल्याचं दिसतं.

थोरल्याने वहीवरचा २,९४,७७३ हा आकडा गोल करून ठेवला. उशिराची रोख किंमत काढायची तर हाच तो आकडा. पस्तिसाव्या वाढदिवसाला कुणी एकदम दोन लाख पंच्याण्णव हजार खात्यात टाकू शकला तर तो पंचविशीत सुरुवात करणाऱ्याच्या बरोबरीला येतो, आणि तिथून पुढे १,७०४ च भरू शकतो. पीपीएफमध्ये एका वर्षात दीड लाखाच्या वर भरता येत नाही, म्हणून तेही दोन-तीन वर्षांत विभागून, थोडं जास्त भरावं लागेल. पण खरी अडचण नियमाची नाही. पाच एकर कोरडवाहूत सारा खर्च वजा जाऊन तीन लाख रोख कधी उरतात, हे थोरल्याला मी सांगायची गरज नव्हती.

धाकट्याचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते मी आदराने ऐकलं. "सर, आज चौदा हजार आहे. दहा वर्षांनी बावीस-तेवीस होईल ना? तवा तीन हजार सातशे मले आजच्यासारखे जड नाई पडणार. आज घर बांधू द्या."

पैसे गुंतवायला सांगणारे लोक हा मुद्दा सहसा झाकून ठेवतात. मला तो झाकायचा नाही. पगार वर्षाला पाच टक्क्यांनी वाढला तर १४,००० चे दहा वर्षांनी २२,८०० होतात. आजचे १,७०४ म्हणजे पगाराचे साधारण १२ टक्के. तेव्हाचे ३,७५२ म्हणजे त्या वेळच्या पगाराचे साडेसोळा टक्के. म्हणजे ओझं २.२ पट होत नाही, सव्वा-दीड पटीच्या मधे कुठेतरी राहतं. "दहा वर्षांचा उशीर म्हणजे दुपटीहून जास्त हप्ता" हे वाक्य रुपयांत खरं आहे, पगाराच्या वाट्यात तेवढं खरं नाही.

तरीही धाकट्याच्या हिशेबात दोन गोष्टी सुटल्या होत्या. एक, पगार वाढतो तसं आज सुरू केलेल्याचं ओझं हलकं होत जातं: पस्तिशीत त्याचे तेच १,७०४ पगाराच्या साडेसात टक्क्यांवर आलेले असतात. त्या वर्षी तुलना साडेसोळाची बाराशी नसते, साडेसोळाची साडेसाताशी असते. दोन, पस्तिशीत पगार वाढलेला असला तरी घरातली खाणारी तोंडंही वाढलेली असतात. थोरल्याच्या घरात दोन लेकरं आहेत, मोठी मुलगी तालुक्याला शाळेत जाते, तिची फी आणि बसचा पास आहे, आईच्या गोळ्या आहेत. धाकट्याच्या चौदा हजारांतले आज पाच-सहा हजार मोकळे आहेत. थोरल्याच्या हातात पंचवीसच्या वयात जेवढं मोकळं होतं, तेवढं आज नाही. हे सांगताना मी थोरल्याकडे पाहिलं नाही. पण तोच म्हणाला, "खरं आहे जी. तवा माया हाती पैसा रायत होता. कुठं गेला ते सांगता येत नाई."

पगार पाच टक्क्यांनी वाढेलच असंही नाही. कृषी केंद्राचा धंदा पावसावर चालतो. ज्या वर्षी दुबार पेरणी होते त्या वर्षी बियाण्यांची विक्री वाढते, पण उधारी वसूल होत नाही, आणि मालक पगारवाढीचं नाव काढत नाही.

मग आम्ही मधला रस्ता शोधला. घराचं काम अर्धवट आहे, त्यामुळे धाकट्याला १,७०४ लगेच जमणार नव्हते. मी विचारलं, हजार जमतील का? जमतील म्हणाला. पंचवीस ते पस्तीस महिना १,००० भरले आणि पस्तिशीनंतर रक्कम वाढवली, तर ३० लाखांसाठी पुढची पंचवीस वर्षं महिना २,५५० पुरतात. काहीच न भरता थांबला असता तर ३,७५२ लागले असते. दहा वर्षं भरलेले हजार-हजार पुढच्या पंचवीस वर्षांचा प्रत्येक हप्ता बाराशे रुपयांनी कमी करतात. पगाराच्या वाट्यात आज सात टक्के आणि पस्तिशीत अकरा. घरही बांधता येतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात घरच्यांच्या उपयोगी पडलेला हाच हिशेब. पूर्ण हप्ता जमत नाही म्हणून लोक शून्य भरतात, आणि शून्य हे अर्ध्या हप्त्यापेक्षा खूप महाग पडतं.

थोरल्याची अडचण मुळात वेगळी. त्याचा पैसा महिन्याला येत नाही. सीतादही झाली, वेचणी सुरू झाली, की कापूस गाडीत जातो, चुकारा मिळतो, आणि मग उलंगवाडीपर्यंत, म्हणजे कापसाचा हंगाम संपेपर्यंत, हातात काहीतरी असतं. उन्हाळ्यात जिनिंग बंद, जूनमध्ये बियाणं आणि खत. त्याला महिन्याचा हप्ता सांगणं म्हणजे त्याच्या जगण्याशी न जुळणारी गोष्ट सांगणं. "मासिक बचत आमच्यासाठी नाई" असं तो म्हणत आला होता, आणि दहा वर्षं गेली त्याला हेही एक कारण.

पण पीपीएफमध्ये दर महिन्याला भरण्याचं बंधन नाही. वर्षाला किमान ५०० भरले की खातं जिवंत राहतं, बाकीचे केव्हाही एकदम भरता येतात. म्हणून मी हिशेब केला: धाकट्याच्या जागी एखादा कास्तकार असेल, आणि त्याने महिना १,७०४ ऐवजी वर्षाचे २०,४४८ दरवर्षी चुकारा आल्यावर ५ जानेवारीच्या आत एकदम भरले, तर ३५ वर्षांनी किती? २९ लाख ४० हजार. वर्षभर हप्ते भरणाऱ्यापेक्षा फक्त ६० हजारांनी कमी. त्याच्या शेजारी उशिराचा आकडा ठेवा: दहा वर्षं थांबून १,७०४ नेच सुरुवात केली तर कमी पडतात १६ लाख ३८ हजार. वर्षातल्या कोणत्या महिन्यात भरलं याने फारसं बिघडत नाही.

एखादं वर्ष बुडालं तर? बोंडअळी आली, किंवा पाऊस दीड महिना दडी मारून बसला, आणि त्या वर्षी काहीच भरता आलं नाही. सत्तावीस-अठ्ठावीसच्या वयातलं एक वर्ष, २०,४४८ चं, कधीच भरून काढलं नाही तर साठीला १ लाख ९० हजार कमी पडतात. चौपन्न-पंचावन्नच्या वयात तेच वर्ष बुडालं तर ३० हजार. लहान वयातला खाडा महाग असतो. पण पुढच्याच वर्षी भरून काढला तर तो फार महाग नाही: त्या एका वर्षात महिना १,७०४ च्या वर आणखी १,८२५ भरले की हिशेब जागेवर येतो. अडचण अशी की बुडालेलं वर्ष भरून काढायचं राहून जातं, मग दुसरं बुडतं, आणि तोवर खातं बंद पडलेलं असतं. बंद पडलेलं खातं मुदत संपायच्या आत, बुडालेल्या प्रत्येक वर्षामागे ५०० आणि ५० रुपये दंड भरून पुन्हा सुरू करता येतं. माझ्या पाहण्यात आलेली अनेक माणसं मात्र दंडाच्या भीतीने परत गेलीच नाहीत, आणि दंड आहे ५० रुपये.

आता थोरल्याची गाठ. त्याच्या डोक्यावर सावकाराचे ६०,००० होते, शेकडा तीनने. दोन वर्षांपूर्वी दुबार पेरणीला घेतले. महिन्याचं व्याज १,८०० रुपये. वहीवर १,७०४ च्या शेजारी मी १,८०० लिहिलं तेव्हा छपरीत कुणीच बोललं नाही. धाकट्याने आज पूर्ण हप्ता भरायचा म्हटलं तर जेवढे लागतात, त्याहून जास्त थोरला दर महिन्याला व्याजात देत होता, आणि मुद्दल जागचं हलत नव्हतं.

शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. एका हाताने ७.१ टक्क्यांवर पैसे ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने ३६ टक्क्यांनी व्याज भरायचं, यात रोज नुकसान आहे. म्हणून थोरल्याला मी स्पष्ट सांगितलं की या हंगामात पीपीएफ नको. पहिला चुकारा सावकाराला. उशीर महाग असतो हे इतका वेळ सांगून त्यालाच थांबायला सांगताना मला जड गेलं, पण त्याच्यासाठी हा वर्षभराचा उशीर स्वस्त आहे आणि ते कर्ज महाग. त्यानंतर पीककर्ज मुदतीत फेडायचं. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं तर केंद्र आणि राज्य मिळून व्याजात सवलत देतात; थकलं की सवलत जाते, नवं कर्ज अडतं, आणि जूनमध्ये पाय पुन्हा सावकाराच्या दारात वळतात. त्याचं आधीचं ६० हजारांचं कर्ज असंच आलं होतं.

अटल पेन्शनचे ९०२ मात्र त्याने लगेच सुरू केले. पीपीएफ वर्षभर थांबवायचा पण हे नाही, याचं कारण तक्त्यातच आहे: छत्तिसाव्या वर्षी तेच ९९० होतात, आणि चाळिशीनंतर दारच बंद. त्याच्या सोयीचा भाग असा की हप्ता तिमाही किंवा सहामाहीनेही कापून घेता येतो. त्याने सहामाही निवडली. कापणीच्या दिवशी खात्यात पैसे असायला हवेत, एवढं एक पाळायचं.

डिसेंबरच्या चुकाऱ्यातून त्याने सावकाराचे मुद्दल फेडलं. त्याच्याकडून कोरे सही केलेले दोन कागद परत घेतले का, हे मी दोनदा विचारलं. घेतले होते. महिन्याचे सुटलेले १,८०० त्याने दोन जागी लावायचे ठरवले: ९०२ अटल पेन्शनचे, आणि जवळपास ९०० पीपीएफचे, तेही वर्षातून एकदाच, जानेवारीच्या पाच तारखेच्या आत. पस्तिशीपासून महिना ९०० म्हणजे साठीला ७ लाख २० हजारांच्या आसपास. वर्षातून एकदा भरल्याने आणि एक वर्ष उशिरा सुरुवात झाल्याने त्याहून थोडे कमी. ३० लाख नाहीत. त्याने विचारलं तेव्हा मी ते लपवलं नाही. ३,७५२ त्याच्या आजच्या मिळकतीत बसत नाहीत, आणि न बसणारा आकडा लिहून दिला तर तो तिसऱ्या महिन्यात सगळंच सोडेल. मुलीचं शिक्षण झाल्यावर हप्ता वाढवायचा, तोवर हे चालू ठेवायचं.

धाकट्याची आई मधेच म्हणाली होती, "इतके वर्सं पैसे अडकून रायले, अन् मधात बिमारी आली तं?" तिचा प्रश्न रास्त होता. पीपीएफमधून तिसऱ्या आर्थिक वर्षापासून मर्यादित कर्ज मिळतं आणि सातव्या वर्षापासून काही भाग काढताही येतो. पण लहान वयात काढलेली रक्कम ही लहान वयात न भरलेल्या रकमेइतकीच महाग पडते. म्हणून धाकट्याने खातं उघडण्याआधी बचत खात्यात वीस हजार बाजूला ठेवले, दवाखान्यासाठी. त्याला हात लावायचा नाही असं घरात ठरलं. पीपीएफचं खातं त्यामुळे चार महिने उशिरा उघडलं. ते चार महिने मी मोजले नाहीत.

खातं पोस्टात उघडलं, पहिले हजार महिन्याच्या तीन तारखेला भरले. पासबुक घेऊन धाकटा माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या मागच्या पानावर मी पेन्सिलने एक ओळ लिहून दिली, कारण आमचा पस्तीस वर्षांचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. पीपीएफची मुदत पंधरा वर्षांची असते. पुढे पाच-पाच वर्षांनी ती वाढवता येते, पण हप्ते भरत राहायचे असतील तर मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत तसा अर्ज द्यावा लागतो. अर्ज न देता कुणी नुसते पैसे भरत राहिला तर त्या नव्या पैशांवर व्याज मिळत नाही. पंचवीस वर्षांच्या मुलाला चार वेळा ही आठवण ठेवायची आहे: पंधरा, वीस, पंचवीस आणि तीस वर्षं पूर्ण होतील तेव्हा. चारही वर्षं आम्ही त्या पानावर एकाखाली एक लिहिली, आणि थोरल्याने ती आपल्या मोबाइलमध्येही टिपून घेतली.